पी-व्हॅल्यूचा प्रश्न बरोबर येतो, पण गैरसमज जागचा हलत नाही: दोष प्रश्नात आहे का, हे कसं तपासायचं

दरवर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एकच गोष्ट घडायची. चाचणीत पी-व्हॅल्यूचा अर्थ विचारला की बहुतेक मुलं बरोबर पर्यायावर खूण करायची. महिनाभराने प्रकल्प-अहवाल हातात यायचे आणि त्याच मुलांनी लिहिलेलं असायचं, ‘पी-व्हॅल्यू ०.०३ आहे, म्हणजे फरक नसण्याची शक्यता फक्त ३ टक्के आहे.’ हे वाक्य चूक आहे, आणि चाचणीत त्यांनी नाकारलेला पर्याय नेमका हाच होता. मी पुन्हा शिकवायचे, पुन्हा चाचणी घ्यायचे, गुण वाढायचे आणि अहवालात तेच वाक्य परत यायचं. पुष्कळ दिवस मी माझ्या शिकवण्यातच दोष शोधत होते. तो होताच, पण त्याआधी दोष प्रश्नात होता. माझा प्रश्न गैरसमज पकडतच नव्हता.

तुमच्याकडेही चाचणीचे गुण आणि मुलांचं लेखन यांचा असा मेळ बसत नसेल, तर शिकवणं बदलण्याआधी प्रश्न उलगडून बघा. माझा जुना प्रश्न असा होता:

एका नव्या औषधाची जुन्या औषधाशी तुलना केली. पी-व्हॅल्यू ०.०३ आली. याचा अर्थ काय?
अ) दोन औषधांत फरक नसण्याची शक्यता ३ टक्के आहे.
आ) नवं औषध ९७ टक्के रुग्णांना लागू पडतं.
इ) दोन औषधांत मुळात फरक नाही असं धरलं, तर नमुन्यात एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के आहे.
ई) फरक आहे असं म्हणण्यात आपली चूक होण्याची शक्यता ३ टक्के आहे.

उत्तर इ. वरवर प्रश्न ठीक दिसतो. पण इ हा सगळ्यांत लांब पर्याय आहे, आणि ‘असं धरलं, तर’ हे वहीतले शब्द एकट्या त्याच्यातच आहेत. त्याहून मोठी गळती अ आणि ई यांच्यात आहे. दोन्ही पर्याय एकच गोष्ट सांगतात. एकच उत्तर बरोबर असतं हे माहीत असलेला विद्यार्थी दोन सारखे पर्याय एकदमच खोडतो. आ कुणी घेत नाही. उरतो इ. पी-व्हॅल्यू म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी तिथपर्यंत पोचता येतं.

ही गळती तपासायची सोपी रीत अशी: प्रश्नाचा मजकूर झाकायचा, फक्त चार पर्याय छापायचे आणि संख्याशास्त्र न शिकलेल्या दुसऱ्या शाखेच्या मुलांना ‘यातलं बरोबर कोणतं वाटतं?’ एवढंच विचारायचं. निव्वळ अंदाजाने चारांतला एक बरोबर येईल. त्याहून बरीच जास्त मुलं योग्य पर्यायावर गेली, तर उत्तर भाषेतून गळतंय. माझा प्रश्न इथेच नापास झाला.

दुसरी तपासणी वेळ खाते, पण तिच्याशिवाय पुढे जाता येत नाही. पाच-सहा मुलांना एकेकटं बसवायचं, प्रश्न सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि आपण गप्प राहायचं. इ वर खूण करणारी एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, फरक नसण्याची शक्यता ३ टक्के, म्हणून इ.’ मी विचारलं, मग अ का नाही? ती म्हणाली, ‘इ मध्ये तेच आहे, फक्त नीट लिहिलंय.’ तिने पर्याय बरोबर निवडला होता आणि वाचला होता चुकीचा पर्याय.

यात मराठीचाही एक धडा आहे. ‘नल खरी असताना असा फरक दिसण्याची शक्यता’ आणि ‘असा फरक दिसल्यावर नल खरी असण्याची शक्यता’ या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. सगळा अर्थ ‘असताना’ आणि ‘असण्याची’ यांवर तोललेला आहे. (शून्य परिकल्पनेला, म्हणजे फरक नाही या गृहीताला, वर्गात आपण नलच म्हणतो, म्हणून इथेही तेच.) पी-व्हॅल्यू पहिल्या वाक्यातली. मुलांना हवी असते दुसऱ्या वाक्यातली. भरभर वाचताना डोळा प्रत्ययावर थांबत नाही. इंग्रजी संकल्पना-चाचण्यांमधून प्रश्न जसेच्या तसे उचलून भाषांतर केलं की हा फरक आणखी पुसट होतो, कारण लांब वाक्याच्या पोटात ‘असताना’ कुठेतरी गडप होतं. मी आता अट नेहमी वाक्याच्या सुरुवातीला, स्वतंत्र वाक्य म्हणून लिहिते: ‘समजा, औषधांत काहीच फरक नाही. अशा वेळी...’

हा गैरसमज फक्त मुलांचा आहे असं समजून पर्याय लिहू नका. १९८६ मध्ये मायकेल ओक्स यांनी मानसशास्त्राच्या ७० प्राध्यापक-संशोधकांना पी-व्हॅल्यूबद्दल सहा विधानं दिली होती. सहाही चुकीची होती आणि जवळपास सगळ्यांनी त्यांतलं निदान एक तरी बरोबर मानलं. हालर आणि क्राउस यांनी २००२ मध्ये तीच विधानं सहा जर्मन विद्यापीठांत पुन्हा विचारली. संशोधनपद्धती शिकवणाऱ्या ३० जणांपैकी ८० टक्क्यांनी किमान एक चूक विधान स्वीकारलं. विद्यार्थ्यांत तर एकही जण सुटला नाही. यातून प्रश्न लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते. या विषयातला चकवा पर्याय हुशार मुलांनाही ओढतो. एरवी आपण वरच्या आणि खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या मुलांची उत्तरं ताडून बघतो आणि वरच्या गटाला न जमलेला प्रश्न बाद करतो. इथे तसं करू नका. वरचा गट आणि खालचा गट एकाच चकव्यात सापडले असतील, तर भेदक्षमता शून्याजवळ येईल, पण प्रश्न चांगला असू शकतो. आधी मुलांचं बोलणं ऐका, मग बाद करायचं का ते ठरवा.

दुरुस्ती: व्याख्या विचारू नका, गैरसमजाला वेगळं उत्तर द्यायला लावा

व्याख्या विचारली की पाठांतर उत्तर देतं. म्हणून मी प्रश्न असा बदलला की पी-व्हॅल्यूचा चुकीचा अर्थ डोक्यात असलेला विद्यार्थी एका ठरावीक पर्यायावर जाईल, आणि वहीतल्या शब्दांचा त्याला काही उपयोग होणार नाही.

दोन प्रयोग झाले. पहिल्यात एका औषधाची चाचणी घेतली. त्याच औषधाचा तसाच परिणाम याआधी तीन स्वतंत्र चाचण्यांत दिसला आहे. दुसऱ्यात एका मुलाने दावा केला की डोळे मिटून नाणेफेक ओळखता येते, आणि त्याने २० पैकी १५ वेळा बरोबर सांगितलं. दोन्ही प्रयोगांत पी-व्हॅल्यू साधारण ०.०२ आली. आता नल खरी असण्याची शक्यता कुठे जास्त आहे?
अ) दोन्हीकडे सारखीच
आ) पहिल्या प्रयोगात
इ) दुसऱ्या प्रयोगात

नाण्याची ०.०२ ही खरी संख्या आहे. निव्वळ नशिबाने २० पैकी १५ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता R मधल्या `1 - pbinom(14, 20, 0.5)` या ओळीने निघते आणि ०.०२०७ येते.

पी-व्हॅल्यू म्हणजे ‘नल खरी असण्याची शक्यता’ असं मानणारा विद्यार्थी अ निवडणारच, कारण ०.०२ दोन्हीकडे तीच आहे. बरोबर उत्तर इ. पण एवढ्यावर थांबलं तर नवी गळती होते. नाणेफेक ओळखणं कुणालाच पटत नाही, त्यामुळे निव्वळ व्यवहारज्ञानाने काही मुलं इ वर जातात. म्हणून प्रश्नाला दुसरा टप्पा जोडला: ‘कारण काय?’ एक कारण, पी-व्हॅल्यू मोजताना नल खरी धरलेलीच असते, त्यामुळे आधीचा पुरावा त्या आकड्यात उतरत नाही. दुसरं, नाण्याचा नमुना फक्त २० चा आहे, म्हणून तिथली पी-व्हॅल्यू चुकीची आहे. तिसरं, पी-व्हॅल्यू समान असेल तर नलबद्दलची शक्यताही समानच असते. दोन्ही टप्पे बरोबर आले तरच गुण. दुसऱ्या कारणावर मला अपेक्षेपेक्षा जास्त मुलं सापडली, आणि त्यातून नवीनच गैरसमज कळला: नमुना लहान असला की पी-व्हॅल्यू ‘खोटी’ असते, असं त्यांना वाटत होतं. खरं तर नमुन्याचा आकार पी-व्हॅल्यू काढतानाच हिशेबात घेतलेला असतो.

ज्यांना कारण पटत नाही, त्यांच्यासाठी हिशेब मांडते. समजा, १००० कल्पना तपासल्या आणि त्यांतल्या ९०० मध्ये मुळात काहीच नव्हतं. ०.०५ ची कसोटी लावली तर त्या ९०० पैकी साधारण ४५ उगाचच ‘महत्त्वाच्या’ ठरतील. उरलेल्या १०० खऱ्या कल्पनांपैकी ८० टक्के आपल्या हाती लागल्या, तर त्या ८०. एकूण १२५ ‘महत्त्वाचे’ निकाल, आणि त्यांतले ४५ पोकळ, म्हणजे ३६ टक्के. आता हाच हिशेब ५०० पोकळ आणि ५०० खऱ्या कल्पना घेऊन करा. २५ पोकळ आणि ४०० खरे, म्हणजे ४२५ पैकी २५, जेमतेम ६ टक्के. कसोटी दोन्हीकडे ०.०५ चीच. हे मुलांनी फळ्यावर स्वतः मांडलं की ‘५ टक्के चूक’ हे उत्तर तिथल्या तिथे गळून पडतं. याचाही प्रश्न होतो, पण दोन भागांत: आधी फक्त ०.०५ ची कसोटी सांगून ‘महत्त्वाच्या निकालांपैकी किती पोकळ?’ असं विचारायचं (उत्तर: एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही), आणि मग सगळे आकडे देऊन. क्रम उलटा केला तर पहिल्या भागाचं उत्तर दुसऱ्या भागातून फुटतं.

कॉन्फिडन्स इंटरव्हल: इथे दोन वेगळे गैरसमज आहेत, ते एका प्रश्नात कोंबू नका

पहिला गैरसमज असा की ९५ टक्के इंटरव्हल म्हणजे ९५ टक्के माणसं ज्यात येतात ती मर्यादा. समजा, मोठ्या यादीतून यदृच्छेने १०० मुली निवडल्या. त्यांच्या हिमोग्लोबिनची सरासरी ११.८ आणि प्रमाण विचलन १.५ आलं. प्रमाण त्रुटी १.५ भागिले १०, म्हणजे ०.१५. इंटरव्हल सुमारे ११.५ ते १२.१. ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की पुन्हा पाठांतर पुढे येतं. त्याऐवजी विचारा: ‘१०० ऐवजी ४०० मुली घेतल्या आणि सरासरी व प्रमाण विचलन तेच आलं, तर इंटरव्हल कसा होईल?’ पर्याय: साधारण तेवढाच, साधारण निम्मा, साधारण दुप्पट. इंटरव्हलमध्ये मुली मावल्या आहेत असं समजणारा विद्यार्थी ‘तेवढाच’ म्हणतो, कारण मुलींचं रक्त काही बदललेलं नाही. त्याचा तर्क सुसंगत आहे, चूक फक्त इंटरव्हल कशाचा याबद्दल आहे. खरं उत्तर निम्मा, ११.६५ ते ११.९५. त्यानंतर सांगायचं की हिमोग्लोबिनचं वितरण घंटाकृती धरलं, तर ११.५ ते १२.१ या पट्ट्यात मुली जेमतेम १६ टक्के येतात. ९५ आणि १६ यांतलं अंतर बघून मुलं दचकतात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे: ‘प्रयोग पुन्हा केला तर नवी सरासरी या इंटरव्हलमध्ये येण्याची शक्यता ९५ टक्के.’ प्रत्यक्षात सरासरीने ही शक्यता सुमारे ८३ टक्के असते. कारण पहिल्या प्रयोगाची सरासरीही खऱ्या सरासरीपासून हललेली असते आणि दुसऱ्याचीही. दोन हालचाली एकत्र आल्या की फरकाचा पसारा वर्गमूळ दोनपट होतो. वर्गात मी हे चालवून दाखवते:

```r
m1 <- rnorm(1e5)
m2 <- rnorm(1e5)
mean(abs(m1) < 1.96)
mean(abs(m1 - m2) < 1.96)
```

इथे खरी सरासरी शून्य आणि प्रमाण त्रुटी एक धरली आहे. तिसरी ओळ विचारते की पहिल्या प्रयोगाच्या इंटरव्हलने खरी सरासरी पकडली का. उत्तर ०.९५ च्या आसपास येतं. चौथी विचारते की त्याच इंटरव्हलने दुसऱ्या प्रयोगाची सरासरी पकडली का. उत्तर ०.८३ च्या आसपास. चाचणीत मात्र ८३ हा आकडा विचारू नका, तो पाठ होईल. ‘९५ टक्क्यांपेक्षा कमी, ९५ टक्के, की जास्त?’ एवढंच विचारा आणि खाली कारण मागा.

एका वाक्यावर मी वर्षभर अडले होते: ‘खरी सरासरी ११.५ ते १२.१ मध्ये आहे याची आपल्याला ९५ टक्के खात्री आहे.’ हे बरोबर की चूक? २०१४ मध्ये हुक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थी आणि संशोधक दोघांनाही इंटरव्हलबद्दल सहा विधानं दिली, त्यांत असं एक विधान होतं. सहाही चूक धरली होती. संशोधकांनी सरासरीने ३.४५ विधानं बरोबर मानली आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी ३.५१, म्हणजे फरक नावापुरता. पण या ‘खात्री’वाल्या विधानाला चूक ठरवावं की नाही, यावर नंतर जाणकारांत वाद झाला. अनेक पाठ्यपुस्तकं हेच वाक्य वापरतात. मराठीत तर ‘विश्वास’ हा शब्द आपणच विषयाच्या नावात घालून ठेवला आहे. तेव्हा हे वाक्य प्रश्नात ठेवूच नका. विद्यार्थी ते कोणत्या अर्थाने घेतोय हे गुणपत्रिकेवरून कधीच कळणार नाही. त्याऐवजी पद्धतीबद्दल विचारा: ‘अशाच रीतीने १०० नमुने काढून १०० इंटरव्हल काढले, तर खरी सरासरी किती इंटरव्हलमध्ये सापडेल? आणि ते १०० इंटरव्हल एकमेकांसारखे असतील का?’ दुसरा अर्धा प्रश्न महत्त्वाचा आहे. इंटरव्हल हलतो आणि खरी सरासरी जागेवर असते, हे न कळलेली मुलं इथे ‘हो, सारखेच’ म्हणतात.

दुरुस्तीनंतर उद्भवलेली नवी अडचण

चकवे ओळखायची सवय लागली की मुलं सगळंच नाकारायला लागतात. ज्या संचात प्रत्येक विधान चूक आहे, तिथे हा धोका आहेच. हालर आणि क्राउस यांनी निदान ‘यांतली अनेक विधानं बरोबर असू शकतात किंवा एकही नसू शकतं’ अशी सूचना आधीच दिली होती. माझ्या वर्गात सराव संपल्यावर ‘पी-व्हॅल्यू जितकी लहान, तितका मिळालेला विदा नलशी विसंगत’ हे साफ बरोबर विधानही कित्येकांनी चूक ठरवलं. आता दर तीन विधानांत एक तरी बरोबर ठेवते, आणि तेही पुस्तकी भाषेत नाही, साध्या बोलीत. चुकीचं विधान मात्र मुद्दाम वजनदार, पुस्तकी शब्दांत लिहिते, म्हणजे भाषेच्या भारदस्तपणावरून कुणी खूण करणार नाही.

आणि शेवटची तपासणी चाचणीत करत नाही. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्याच अहवालातला तक्ता समोर ठेवते आणि विचारते, ‘हा ०.०३ आहे ना, हा कशाची शक्यता आहे ते सांग, आणि वाक्याची सुरुवात “समजा” ने कर.’ गैरसमज घट्ट असेल तर ‘समजा’ नंतर काय म्हणायचं ते सुचत नाही, कारण ‘फरक नसण्याची शक्यता ३ टक्के’ या वाक्याच्या आधी ‘समजा’ बसतच नाही. काही जण थांबतात, तक्त्याकडे पुन्हा बघतात आणि हळूहळू ‘समजा, दोन गटांत फरकच नाही...’ इथपर्यंत येतात. तिथून पुढचं बहुतेक जण स्वतःच पूर्ण करतात.